अंडी किती, पाव किती? कबड्डीच्या मुलांच्या खाऊचा कमीत कमी खर्चाचा हिशेब

वैशाली_नायगाव

नायगावात आमच्या मंडळाचा कबड्डीचा सराव संध्याकाळी असतो. वीस मुलं आहेत, चौदा ते सतरा वयाची. सराव सुटला की मुलं थेट वडापावच्या गाडीवर जातात, म्हणून समितीने ठरवलं की खायला मंडळानेच द्यायचं. प्रशिक्षकांनी सांगितलंय की प्रत्येकाला किमान २४ ग्रॅम प्रथिनं आणि किमान ५०० कॅलरी मिळायला हव्यात. आमच्याकडे दोनच गोष्टी रोज विनाझंझट मिळतात: अंडी आणि लादीपाव. अंडं ७ रुपयांना पडतं, पाव ४ रुपयांना. अंड्यात साधारण ६ ग्रॅम प्रथिनं आणि ७० कॅलरी धरल्यात, एका पावात ३ ग्रॅम आणि ९० कॅलरी.

समितीत दोन तट पडलेत. एक म्हणतो अंडीच द्या, दुसरा म्हणतो पाव वाढवा. वर्गणीच्या पैशातून चालवायचं आहे, त्यामुळे दर मुलामागचा एकेक रुपया मोजावा लागतो. हिशेब नीट मांडून देणारं कोणी आहे का इथे?

भांडुपचा_बंड्या

सोपं आहे ताई. रुपयाला किती प्रथिनं मिळतात ते बघा. अंड्यात ६ भागिले ७, म्हणजे ०.८६ ग्रॅम. पावात ३ भागिले ४, म्हणजे ०.७५. अंडं स्वस्त पडलं. चार अंडी दिली की २४ ग्रॅम पूर्ण. कॅलरी झाल्या २८०, राहिल्या २२०. त्या पावाने भरा, कारण रुपयाला कॅलरी पावातच जास्त. तीन पाव लागतील. ज्यात जे स्वस्त, ते त्यातून घ्यायचं, बाजाराचा साधा नियम आहे.

हिशेबी

बंड्या, तुझ्या नियमाने ४ अंडी आणि ३ पाव होतात, खर्च ४० रुपये. पण २ अंडी आणि ४ पाव देऊन बघ. प्रथिनं १२ अधिक १२, म्हणजे बरोबर २४. कॅलरी १४० अधिक ३६०, म्हणजे बरोबर ५००. खर्च १४ अधिक १६, म्हणजे ३० रुपये. दर मुलामागे १० रुपये वाचले, वीस मुलांमागे रोजचे २००.

तुझा नियम पाव घेताना फक्त त्याच्या कॅलरी मोजतो. पण पाव येताना स्वतःची ३ ग्रॅम प्रथिनंही घेऊन येतो, आणि ती तू आधीच अंड्यातून विकत घेऊन बसलेला असतोस. दोन्ही अटी एकत्र सोडवाव्या लागतात.

वैशालीताई, बारावी कॉमर्सला एलपीपी, म्हणजे लिनिअर प्रोग्रामिंग, नावाचा धडा असतो, तुमचा प्रश्न थेट त्यातला आहे. अंडी अ, पाव प. मग अटी अशा:

६अ + ३प ≥ २४
७०अ + ९०प ≥ ५००
अ ≥ ०, प ≥ ०

आणि ७अ + ४प कमीत कमी हवं.

आलेखाच्या कागदावर आडव्या रेषेवर अंडी घ्या, उभ्या रेषेवर पाव. प्रथिनांची रेषा ४ अंड्यांपासून ८ पावांपर्यंत जाते. कॅलरींची रेषा सात अंड्यांच्या किंचित पुढून निघून साडेपाच पावांच्या आसपास पोचते. दोन्ही रेषांच्या वरचा जो भाग, तिथलं कुठलंही ताट चालेल. या भागाच्या कडेला तीन कोपरे आहेत: नुसते ८ पाव, नुसती ७.१४ अंडी, आणि दोन रेषा एकमेकींना छेदतात तो बिंदू, २ अंडी ४ पाव. खर्च अनुक्रमे ३२, ५० आणि ३० रुपये. सर्वांत स्वस्त ताट अशा कोपऱ्यावरच सापडतं.

माटुंगा_सुमा

कोपऱ्यावरच का? मधलं एखादं ताट स्वस्त का असू शकत नाही? मुलीला शिकवताना मी नेहमी इथे अडखळते. पुस्तकात नुसतं लिहिलेलं असतं की कोपरे तपासा.

हिशेबी

सुमाताई, आलेख बाजूला ठेवू आणि २ अंडी ४ पाव या ताटावर उभं राहून अदलाबदल करून बघू.

एक अंडं काढलं तर ७ रुपये वाचले. पण ६ ग्रॅम प्रथिनं गेली, ती भरायला दोन पाव लागतात, म्हणजे ८ रुपये. एक रुपयाचं नुकसान. आता उलट करा. एक पाव काढला, ४ रुपये वाचले, पण ९० कॅलरी गेल्या. त्या अंड्याने भरायच्या तर १.२९ अंडी हवीत, म्हणजे ९ रुपये. पुन्हा नुकसान. कुठल्याही बाजूला सरकलं तरी खर्च वाढतो, म्हणून तिथेच थांबायचं.

आता कडेवरच्या दुसऱ्या एखाद्या ताटावर उभं राहा, समजा १ अंडं आणि ६ पाव. तिथे प्रथिनं काठोकाठ २४ आहेत, पण कॅलरी ६१०, म्हणजे भरपूर जास्त. दोन पाव काढून एक अंडं घातलं की प्रथिनं तेवढीच राहतात आणि एक रुपया वाचतो. ही अदलाबदल कॅलरींची अट आडवी येईपर्यंत करत राहता येते, आणि ती आडवी येते ती जागा म्हणजेच कोपरा. आणि ज्या ताटात दोन्ही गोष्टी गरजेपेक्षा जास्त आहेत, त्यातून काहीतरी सरळ काढूनच टाकता येतं. म्हणून मधली ताटं स्वस्त ठरत नाहीत.

ठाणेकर_स्मिता

माफ करा, पण रोज संध्याकाळी ५०० कॅलरी? मला आहारतज्ज्ञांनी संध्याकाळच्या खाण्याला २०० च्या आत राहायला सांगितलंय. चार पाव म्हणजे नुसता मैदा. मी पाव पूर्ण बंद केलाय आणि दोन उकडलेली अंडी खाते, मला फरक जाणवतो. हाच हिशेब २०० च्या आत बसवून द्याल का? घरी मीही वापरेन.

वैशाली_नायगाव

स्मिताताई, आमच्या ५०० ही खालची मर्यादा आहे. मुलं दीड तास दम लागेपर्यंत खेळतात आणि बरीचशी दुपारी डब्यावरच असतात. त्यांना कमी पडू नये ही आमची काळजी.

हिशेबी

स्मिताताईंचा प्रश्न वेगळा आहे, पण मांडता येतो. कॅलरींच्या अटीचं चिन्ह उलटं होतं: ७०अ + ९०प ≤ २००. प्रथिनांची अट तशीच ठेवली, समजा किमान १२, तर २ अंडी १४० कॅलरीत बसतात आणि खर्च १४ रुपये. नुसत्या पावाने १२ ग्रॅम हवे असतील तर चार पाव, ३६० कॅलरी, म्हणजे अट मोडली. पण तुम्हाला किमान २४ ग्रॅम हवे असतील तर २०० कॅलरीत या दोन पदार्थांनी ते होणारच नाही. चार अंड्यांच्याच २८० होतात. आलेखावर दोन अटींचे भाग एकमेकांना शिवतच नाहीत. अशा वेळी एक तर अट सैल करायची, नाहीतर तिसरा पदार्थ आणायचा.

वैशाली_नायगाव

आज एक नवीन गोष्ट कळली. परळच्या एका बेकरीवाल्याने रोजची ऑर्डर असेल तर पाव ३ रुपयांना देतो म्हणून सांगितलं. मग तर खर्च १४ अधिक १२, २६ रुपये झाला ना?

हिशेबी

२ अंडी ४ पाव घेतले तर २६. पण आता ते सर्वांत स्वस्त ताट राहिलं नाही. अंडं काढून दोन पाव घातले की ७ रुपये वाचतात आणि ६ लागतात. दर अदलाबदलीला एक रुपया फायदा. म्हणजे सरकत सरकत थेट ८ पाव, ० अंडी, खर्च २४.

पाव साडेतीन रुपयांना असेल तर एका अंड्याची आणि दोन पावांची किंमत सारखी होते, मग ८ पाव, १ अंडं ६ पाव आणि २ अंडी ४ पाव, सगळ्यांचा खर्च २८. तिथून पाव एक पैसा जरी स्वस्त झाला तरी उत्तर हळूहळू सरकत नाही, एकदम या कोपऱ्यावरून त्या कोपऱ्यावर उडी मारतं. भाव बदलला की हिशेब पुन्हा करायचा तो याचसाठी.

माटुंगा_सुमा

आठ पाव कोरडे कोण खाणार? आणि मी शाळेत पोषण आहाराचं काम बघते म्हणून सांगते, पावातली ३ ग्रॅम आणि अंड्यातली ३ ग्रॅम शरीराला सारखी नसतात. गव्हाच्या प्रथिनात लायसिन कमी असतं. सोबत अंडं असेल तर ते भरून निघतं, नुसत्या पावावर नाही. ग्रॅमची बेरीज २४ आली म्हणजे काम झालं असं मी तरी समितीला सांगणार नाही.

भांडुपचा_बंड्या

म्हणजे गणिताचं उत्तर चुकीचंच की. मग आलेख कशाला काढायचा? मी म्हणत होतो तेच बरं, चार अंडी.

हिशेबी

बंड्या, जेवढ्या अटी दिल्या तेवढ्याच त्याने पाळल्या. आठ पाव नकोत हे आपण कागदावर लिहिलंच नव्हतं. लिहू: पाव पाचपेक्षा जास्त नकोत, प ≤ ५. आता ३ रुपयांच्या भावाने नवा कोपरा ५ पाव आणि दीड अंडं, २५ रुपये ५० पैसे. अंडं अर्धं द्यायचं नसेल तर पुन्हा २ अंडी ४ पाव, २६ रुपये. सुमाताईंचा मुद्दा कडक पाळायचा असेल तर आणखी एक अट घाला, अ ≥ २. तरी हेच ताट येतं.

हा प्रश्न जुना आहे. जॉर्ज स्टिग्लर या अमेरिकन अर्थतज्ज्ञाने १९४५ साली ७७ पदार्थ आणि ९ पोषक घटक घेऊन एका माणसाचा वर्षाचा सर्वांत स्वस्त आहार शोधला. १९३९ च्या भावाने उत्तर आलं ३९.९३ डॉलर, आणि यादीत उरलं गव्हाचं पीठ, आटवलेलं दूध, कोबी, पालक आणि वाळवलेल्या घेवड्याचे दाणे. त्याने ते अंदाजाने, पर्याय गाळत गाळत काढलं होतं. १९४७ मध्ये असे प्रश्न पायरीपायरीने सोडवणारी सिम्प्लेक्स पद्धत आली आणि नऊ कारकुनांनी हातयंत्रांवर तोच प्रश्न सोडवला तेव्हा ३९.६९ आलं, फक्त २४ सेंटचा फरक. पण ते पाच पदार्थ वर्षभर कोणी खाणार नाही हेही तितकंच खरं. चव, कंटाळा, सवय यांच्या अटी आपणच घालायच्या असतात, आणि घातलेल्या दर अटीने खर्च वाढला तर किती वाढला हे मात्र आकड्यात कळतं. वरच्या उदाहरणात आठ पाव टाळण्याची किंमत दोन रुपये.

वैशाली_नायगाव

त्या बेकरीचं जमलं नाही, पहाटेच माल उचलायला या म्हणतात. त्यामुळे पाव पुन्हा ४ रुपये. आणि प्रशिक्षक आता म्हणतायत की जिल्ह्याच्या स्पर्धेपर्यंत २७ ग्रॅम आणि ५२० कॅलरी करा. मी तुमच्यासारखंच सोडवलं तर २.६४ अंडी आणि ३.७३ पाव आले. जवळचे पूर्ण आकडे घेऊन ३ अंडी ४ पाव करते, ३७ रुपये. बरोबर?

हिशेबी

दोन्ही अटी पूर्ण होतात, पण थांबा. २ अंडी ५ पाव बघा. प्रथिनं २७, कॅलरी ५९०, खर्च ३४. तीन रुपये कमी. अपूर्णांकाच्या उत्तराशेजारचा सर्वांत जवळचा पूर्ण आकडा सर्वांत स्वस्त असेलच असं नाही, आजूबाजूची चारसहा ताटं हाताने तपासावी लागतात. ३ अंडी ३ पाव जवळ आहे आणि ३३ रुपयांत बसतं, पण कॅलरी ४८० च होतात, म्हणून बाद.

३४ पेक्षा स्वस्त ताट नाही हे कसं कळलं? अपूर्णांक चालत असते तर खर्च ३३ रुपये ३६ पैसे आला असता. पूर्ण अंडी आणि पूर्ण पाव घेऊन त्याच्या खाली जाता येत नाही, आणि खर्च पूर्ण रुपयांतच येणार. म्हणजे ३४ हाच तळ.

रानवारा_वसई

आमच्या मंडळात आम्ही उकडलेली अंडी देत नाही, एकत्र भुर्जी करतो. मग कोणाच्या ताटात किती अंडी हा प्रश्नच राहत नाही.

हिशेबी

मग अपूर्णांक बऱ्याच अंशी चालतील. वीस मुलांचं एकत्र धरलं तर ५४० ग्रॅम आणि १०,४०० कॅलरी हव्यात. ५२ अंडी आणि ७६ पाव घेतले की ५४० ग्रॅम, १०,४८० कॅलरी, खर्च ६६८. एकेका ताटाने ६८० होत होते. भुर्जीत तेल जाईल, त्याच्या कॅलरी आणि पैसे दोन्ही वेगळे धरावे लागतील. वाढताना मात्र डाव मोजून वाढा, नाहीतर पहिल्या दहांना जास्त जातं.

माटुंगा_सुमा

तिसरा पदार्थ आणायचा की नाही, हे सगळं पुन्हा न सोडवता कळतं का? शाळेत मला दर वेळी कोणी ना कोणी काहीतरी सुचवत असतं.

हिशेबी

कळतं. २४ ची २७ ग्रॅम केली, ५०० च्या ५२० कॅलरी केल्या, तेव्हा अपूर्णांकातला खर्च ३० वरून ३३.३६ झाला. तो फोडला तर प्रत्येक जादा ग्रॅम प्रथिनाला १ रुपया ६ पैसे पडतात आणि प्रत्येक १०० कॅलरींना ९१ पैसे. अंड्याला लावून बघा: ६ ग्रॅमचे ६.३६, ७० कॅलरींचे ६४ पैसे, बरोबर ७ रुपये. पावाचेही ४ येतात.

आता नवीन पदार्थाला हाच भाव लावायचा. २५ ग्रॅम शेंगदाण्यात साधारण ६ ग्रॅम प्रथिनं आणि १४० कॅलरी. आपल्या भावाने त्याची लायकी साडेसात रुपयांच्या वर जाते. १६० रुपये किलोने ते ४ रुपयांना मिळतात. म्हणजे घ्यावेत. २५ ग्रॅम सोयावडीत जवळपास १३ ग्रॅम प्रथिनं आणि ८६ कॅलरी, लायकी साडेचौदा रुपये. किलोला १५० पडत असतील तर पावणेचार रुपये. प्रोटीन पावडरचा २४ ग्रॅमवाला, १२० कॅलरींचा डाव लायकीने साडेसव्वीस रुपयांचा. दुकानात त्याहून महाग असेल तर राहू द्या. एवढं लक्षात ठेवा की एखादा पदार्थ ताटात शिरला की कोपरा बदलतो आणि हे भावही बदलतात. त्यामुळे दुसऱ्या नव्या पदार्थाला जुना भाव लावू नका.

भांडुपचा_बंड्या

सोयावडीची भुर्जी मुलं खाणार नाहीत, लिहून घ्या. शेंगदाणे खातील, पण मुठीने खातील, २५ ग्रॅम कोण मोजणार? अंड्याला तोड नाही.

रानवारा_वसई

आमच्याकडे वडी बारीक करून अंड्याच्या भुर्जीत मिसळली होती. निम्म्यांना कळलं नाही, निम्म्यांनी बाजूला काढली.

माटुंगा_सुमा

वैशालीताई, सगळ्यांच्या आधी पाव काट्यावर ठेवा. ३ ग्रॅम आणि ९० कॅलरी हा ३५ ग्रॅमच्या पावाचा अंदाज आहे. लादीपावाचं वजन बेकरीगणिक वेगळं असतं आणि पावावर काही छापलेलं नसतं. लादी अख्खी मोजून पावांच्या संख्येने भागा.

वैशाली_नायगाव

आज मोजली. सहा पावांची लादी १९२ ग्रॅम भरली, म्हणजे एक पाव ३२ ग्रॅमचा. त्या हिशेबाने पावात २.७ ग्रॅम प्रथिनं आणि ८२ कॅलरी धरते. मग २ अंडी ४ पाव या ताटात २२.८ ग्रॅम आणि ४६८ कॅलरीच होतात, जुन्या अटीसुद्धा पूर्ण होत नाहीत. २ अंडी ५ पाव केले तर २५.५ ग्रॅम आणि ५५० होतात. २४ आणि ५०० ला ते पुरतं, खर्च ३४. नव्या २७ ला मात्र दीड ग्रॅम कमी पडतं.

हिशेबी

तर मग तिथेच शेंगदाणे बसतात. त्या ताटात १० ग्रॅम शेंगदाणे टाका, जवळपास अडीच ग्रॅम प्रथिनं आली, खर्च १ रुपया ६० पैसे. तिसरं अंडं घेतलंत तर ७ रुपये. १० ग्रॅम किती होतात ते एकदा काट्यावर बघा आणि तेवढं मावेल असं एखादं झाकण मापाला ठेवा, म्हणजे बंड्याच्या मुठीची अडचण राहणार नाही. पण उद्याही लादी मोजा. रोज ३२ च भरते की आजच हलकी होती, त्यावर पाचवा पाव ठेवायचा की काढायचा ते ठरेल.

वैशाली_नायगाव

मोजते. एका मुलाला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी आहे, त्याच्यापुरतं तिसरं अंडं धरते. बेकरीवाल्यालाही विचारते, ३५ ग्रॅमचा पाव चार रुपयांत देतो का. सोयावडीचं समितीपुढे ठेवेन, पण तिथे काय होईल सांगता येत नाही.